गाडी मिळाल्यानंतरची पाच मिनिटे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. माझे आयुष्य शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आणि त्यातला बराचसा काळ रायपूरमध्ये गेला. म्हणून विषयही त्याच गावातला निवडला आहे. रायपूर आज छत्तीसगडची राजधानी असले तरी मराठी माणसाला ते परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा तो एक भाग होता. आजही तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्या शहराच्या जुन्या वस्तीत गोलबाजार आहे. किराणा, भांडी, पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता अशा सर्व गोष्टी एका फेरीत मिळाव्यात, असा हा बाजार. तेथील दुकानांत काम करणारे अनेक जण भिलाई, दुर्ग, कुम्हारी या बाजूंनी सकाळी लोकल गाडीने येतात आणि सायंकाळी लोकलनेच परततात. गोलबाजारातून मालवीय मार्गाने जयस्तंभ चौकापर्यंत आणि तेथून स्टेशनापर्यंत अंतर सुमारे दोन किलोमीटर भरते. दुकानातून निघायला दहा मिनिटे उशीर झाला, की या वाटेचा शेवटचा तुकडा धावत काढावा लागतो. पुलाच्या पायऱ्या चढायच्या, पलीकडे उतरायचे आणि सुटण्याच्या बेतात असलेल्या गाडीचा डबा गाठायचा.

मुंबई, पुणे, नागपूर येथून आलेल्या मंडळींना हे चित्र नवे नाही. गाडी मिळाली की आपण आसनावर टेकतो, घाम पुसतो आणि धावपळ संपली असे समजतो. शरीराच्या दृष्टीने मात्र ती अजून संपलेली नसते. छातीतील धडधड काहींची दोन मिनिटांत निवळते, तर काहींची दोन-तीन स्थानके मागे पडली तरी निवळत नाही. हा फरक का पडतो, तो कसा मोजायचा आणि त्यावरून काय समजायचे व काय समजू नये, एवढेच आज मांडणार आहे.

प्रथम हृदयाच्या गतीविषयी एक मूलभूत गोष्ट लक्षात घेऊ. हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूस पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याचा इशारा तोच देतो. मेंदूकडून येणारे सर्व मज्जातंतू निष्प्रभ केले, तर निरोगी तरुण माणसाचे हृदय स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते. पण आपण शांत बसलेले असताना नाडी सत्तरच्या आसपास असते. याचा अर्थ, विश्रांतीच्या काळात कोणीतरी सतत लगाम खेचून धरलेला असतो. हा लगाम म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत व पोटात उतरतो. त्याला उत्तेजित केले की हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी 1845 साली दाखवून दिले. त्याच्या टोकाशी एक रसायन स्रवते आणि ते हृदयाला आवरते, हे ओटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने सिद्ध केले.

लगामाच्या जोडीला चाबूकही आहे. अनुकंपी मज्जातंतू आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून रक्तात येणारे ॲड्रेनलिन हे दोघे मिळून हृदयाला पळवतात. दोघांच्या स्वभावात एक महत्त्वाचा भेद आहे. व्हेगसचा परिणाम एक-दोन ठोक्यांच्या आत दिसतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. अनुकंपी मज्जातंतूंचा परिणाम चढायला काही सेकंद लागतात आणि तो सावकाश उतरतो. रक्तात मिसळलेले ॲड्रेनलिन तर निचरा होण्यास काही मिनिटे घेते. आजच्या विषयाचे पुष्कळसे मर्म या एका भेदात आहे.

आता धावण्याकडे वळू. गाडीची शिट्टी ऐकून आपण पळू लागतो त्या क्षणी मेंदू प्रथम लगाम सोडतो. नाडी काही ठोक्यांतच सत्तरवरून शंभरच्या दिशेने उसळते. त्यापुढची चढण मुख्यतः चाबकाच्या जोरावर होते. इकडे पायांच्या स्नायूंची प्राणवायूची मागणी एकाएकी कित्येक पटींनी वाढलेली असते, परंतु हृदय आणि फुप्फुसे तो पुरवठा लगेच वाढवू शकत नाहीत. पहिले काही सेकंद स्नायू स्वतःजवळच्या साठ्यावर भागवतात. त्यानंतर प्राणवायूवाचून साखर जाळण्याच्या मार्गाचा आधार घेतात. त्यातून आम्लता वाढते आणि पाय भरून येतात. हा उधारीचा व्यवहार आहे. गाडीत बसल्यावर आपण जे धापा टाकतो त्यात ही उधारी फेडण्याचा मोठा वाटा असतो. त्याच वेळी तापलेले शरीर थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडेही न्यावे लागते. त्यामुळे पाय थांबले तरी हृदयाचे काम थांबत नाही.

आसनावर बसल्यानंतर नाडी उतरते ती दोन टप्प्यांत. पहिल्या अर्ध्या ते एका मिनिटात ती झपाट्याने खाली येते. हे काम प्रामुख्याने व्हेगसचे असते. त्याने लगाम पुन्हा हाती घेतलेला असतो. याचा पुरावा 1994 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधकांच्या एका अभ्यासातून मिळतो. त्यांनी व्यायाम करणाऱ्यांना ॲट्रोपिन दिले. हे द्रव्य व्हेगसचा परिणाम अडवते. आपल्या रानातल्या धोतऱ्यात याच जातीची द्रव्ये असतात आणि धोतऱ्याची बाधा झालेल्या माणसाची नाडी वेगाने धावते, त्याचे कारणही हेच. ॲट्रोपिन दिल्यावर व्यायामानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातील उतार मंदावला. त्याच अभ्यासात असेही दिसले की कसलेल्या खेळाडूंमध्ये हा आरंभीचा उतार अधिक वेगवान असतो आणि ज्यांचे हृदय कमकुवत झाले आहे अशा रुग्णांत तो बोथट होतो. दुसरा टप्पा संथ असतो. त्यात चाबूक हळूहळू खाली येतो, ॲड्रेनलिनचा निचरा होतो, उधारी फिटते आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. यास पाच मिनिटे लागतील की अर्धा तास, हे श्रम किती झाले, हवा किती तापलेली आहे आणि शरीराची तयारी कशी आहे यावर ठरते.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. माणसे कल्पित आहेत आणि आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा माणसांत ते साधारण असेच पडतात. गोलबाजारातील एकाच दुकानात काम करणारे दोघे जण घेऊ. दोघांचेही वय बेचाळीस. एकाला वसंतराव म्हणू. ते दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहितात आणि घरापासून दुकानापर्यंत जिथे वाहन मिळेल तिथे वाहनानेच जातात. दुसऱ्याला दिनकरराव म्हणू. ते सायकलवरून गावभर माल पोचवतात. दोघे एकाच वेळी स्टेशनात शिरले, दीड मिनिट एकाच वेगाने धावले आणि एकाच डब्यात समोरासमोर बसले.

वयावरून नाडीच्या कमाल गतीचा अंदाज बांधण्याचे एक सूत्र आहे: वयाला 0.7 ने गुणून ती संख्या 208 मधून वजा करायची. बेचाळीसाव्या वर्षी हे उत्तर सुमारे 179 येते. हा सरासरी अंदाज आहे. प्रत्यक्षात एखाद्याचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकतो. वसंतरावांची विश्रांतीची नाडी 82 आणि दिनकररावांची 60 आहे असे समजू. गाडीत बसताक्षणी वसंतरावांची नाडी 168 भरली, म्हणजे ते आपल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ पोचले होते. दिनकररावांची भरली 138. एका मिनिटानंतर वसंतराव 152 वर आले आणि दिनकरराव 104 वर. तीन मिनिटांनी वसंतराव 130, दिनकरराव 80. पाच मिनिटांनी वसंतराव 116, दिनकरराव 72. सरस्वतीनगर मागे पडून गाडी सरोन्याला येईपर्यंत दिनकरराव आपल्या नेहमीच्या नाडीजवळ पोचलेले असतील. वसंतरावांची नाडी मात्र कुम्हारी आली तरी नव्वदच्या वर असू शकेल.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहू. दोघांनी केलेले काम सारखे होते. ताशी नऊ किलोमीटर वेगाने सपाटीवर धावणाऱ्या माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 33 मिलिलिटर प्राणवायू लागतो. तंदुरुस्त माणसालाही तो फारसा कमी लागत नाही. फरक आहे तो कमाल क्षमतेत. वसंतरावांची कमाल क्षमता दर किलोमागे 30 मिलिलिटर आणि दिनकररावांची 48 मिलिलिटर आहे असे धरू. म्हणजे जे काम दिनकररावांनी आपल्या क्षमतेच्या सुमारे दोन-तृतीयांशात केले, ते वसंतरावांच्या क्षमतेबाहेरचे होते. एका ठोक्यात हृदयातून किती रक्त बाहेर पडते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. बैठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त ढकलते. नियमित श्रमांनी कमावलेले हृदय त्याहून बरेच अधिक ढकलते, म्हणून तेवढेच रक्त पोचवण्यास त्याला कमी ठोके पुरतात. विश्रांतीची नाडी 60 असण्याचे एक कारण हेच, आणि व्हेगसची पकड अधिक घट्ट असणे हे दुसरे.

म्हणून वसंतरावांची नाडी उशिरा निवळली त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, ते अधिक उंच चढले होते आणि त्यांची उधारी मोठी होती. दोन, त्यांचा लगाम सैल होता. पहिल्या मिनिटात ते 16 ठोक्यांनी उतरले, तर दिनकरराव 34 ठोक्यांनी. यातील दुसरी गोष्ट वैद्यकशास्त्राला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती केवळ थकव्याची खूण नसून मज्जासंस्थेचीही खूण आहे.

या पहिल्या मिनिटाचे मोल 1999 साली ठळकपणे पुढे आले. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमधील संशोधकांनी 2428 प्रौढांची चालत्या पट्ट्यावर व्यायाम-चाचणी घेतली आणि त्यांची प्रकृती सुमारे सहा वर्षे पाहिली. या काळात 213 जण मरण पावले. व्यायाम संपल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले. वय, हृदयाला होणारा रक्तपुरवठा, व्यायामाची क्षमता इत्यादी गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही ते सुमारे दुप्पट राहिले. हा अभ्यास पुढे खूप गाजला आणि ‘बाराचा आकडा’ अनेकांच्या तोंडी झाला.

परंतु तो आकडा गाडीच्या डब्यात जसाच्या तसा वापरता येत नाही, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. त्या चाचणीत लोक शक्तीच्या मर्यादेपर्यंत चालवले गेले होते आणि नंतरही पट्ट्यावर सावकाश चालत राहिले होते. चालत राहिले की नाडी हळू उतरते. बसले किंवा आडवे झाले की अधिक लवकर उतरते. म्हणूनच व्यायामानंतर लगेच आडवे करून घेतलेल्या चाचण्यांत पुढे 12 ऐवजी 18 ही मर्यादा धरली गेली. आपण गाडीत कधी बसतो, कधी दांडी धरून उभे राहतो. उभे राहिल्यास पायांकडे रक्त साचते आणि नाडी चढी राहते. दांडी घट्ट आवळल्यानेही ती वाढते. शिवाय श्रम पुरेसे झालेच नसतील तर उतार लहानच दिसणार. ज्याची नाडी 60 वरून 84 पर्यंतच गेली, त्याच्या दहा ठोक्यांच्या उताराला काहीही अर्थ नाही. चिंता, चहा, तंबाखू, ताप, रक्तक्षय, अपुरे पाणी या सर्वांनी नाडी रेंगाळते. मे महिन्यात रायपूरचा पारा 42 अंशांच्या वर जातो. अशा दिवशी दिनकररावांचीही नाडी सरोन्यापर्यंत उतरणार नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी हृदयाची गती रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळात फारशी वर चढत नाही; त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत व्हेगसलाच इजा झालेली असू शकते. त्यांची नाडी मंद उतरत असेल तर ती गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या कानांवर अवश्य घालावी.

मग घरच्या घरी याचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी नव्हे. स्वतःची आजची नाडी स्वतःच्या तीन महिन्यांपूर्वीच्या नाडीशी ताडून पाहण्यासाठी तो आहे. आणि त्यासाठी श्रम दर वेळी सारखे हवेत. गाडीमागची धाव कधी अर्ध्या मिनिटाची, कधी दोन मिनिटांची. तिच्यावर काही ताडता येत नाही. ही अडचण शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. हार्वर्ड विद्यापीठातील थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेने 1940 नंतरच्या काळात पायरीची चाचणी बसवली. वीस इंच उंच बाकावर मिनिटाला तीस वेळा याप्रमाणे पाच मिनिटे चढउतार करायची आणि नंतर बसून ठरावीक अंतराने तीनदा नाडी मोजायची, अशी ती चाचणी. या चाचणीत धावताना नाडी किती चढली हे विचारले जातच नाही. थांबल्यानंतर ती कशी उतरते, यावर गुण ठरतात. ती तरुण, धडधाकट पुरुषांसाठी होती. आपल्यासारख्यांनी तिचा सौम्य प्रकार करावा. सुमारे तीस सेंटिमीटर म्हणजे एक फूट उंचीच्या पायरीवर मिनिटाला चोवीस वेळा, तीन मिनिटे चढउतार करावी. वर एक पाय, मग दुसरा; खाली एक पाय, मग दुसरा; अशी चार पावले मिळून एक फेरी होते. गुडघे दुखत असतील, छातीत कधी दुखले असेल, गरोदरपण असेल किंवा हृदयविकार ठाऊक असेल, तर हे वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

तीन मिनिटे होताच खुर्चीवर बसावे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या आतल्या बाजूस मधली दोन बोटे ठेवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते. गळ्याजवळची नाडी जोराने दाबू नये; त्या दाबाने हृदय मंदावते आणि आकडा फसवा येतो. बसताक्षणी दहा सेकंदांतील ठोके मोजून सहाने गुणावे. बरोबर एक मिनिट झाल्यावर पुन्हा तसेच करावे. दोन्हींतील फरक हा आपला पहिल्या मिनिटाचा उतार. एका ठोक्याची चूक झाली तरी उत्तरात सहाचा फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे. म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नये. एकाच आठवड्यात, दिवसाच्या एकाच वेळी, जेवणानंतर दोन तास जाऊ देऊन तीनदा मोजावे आणि मधला आकडा लिहून ठेवावा. मनगटी यंत्र असेल तर सोय होते, पण हात हलत असताना किंवा दांडी आवळलेली असताना त्याचा आकडा चुकू शकतो. बसल्यावर बोटांनी पडताळून घ्यावे.

वसंतरावांनी काय करावे, हा प्रश्न आता सहज पुढे येतो. त्यांनी उद्यापासून रोज गाडीमागे धावावे, असे मी मुळीच सांगणार नाही. येथे धोका खरा आहे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या 1228 रुग्णांकडून झटक्यापूर्वीच्या तासांची माहिती घेण्यात आली होती. जोरकस श्रमांनंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे सहा पट असतो, असे त्यातून निघाले. खरी गोष्ट मात्र त्याच्या तपशिलात आहे. जे आठवड्यातून पाच वा अधिक वेळा जोरकस श्रम करीत होते, त्यांच्यात ही वाढ अवघी 2.4 पट होती. जे आठवड्यातून एकदाही करीत नव्हते, त्यांच्यात ती 107 पट निघाली. धोका एका तासापुरता असतो आणि मुळात तो फार लहान असतो, म्हणून या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकच धाव एका माणसाला नित्याची असते आणि दुसऱ्याला ती अचानक पडलेली परीक्षा असते. बैठ्या माणसाने महिन्यातून एकदा जिवाच्या आकांताने पळणे, ही सर्वांत वाईट तऱ्हा होय.

वसंतरावांसाठी उपाय त्यांच्या वाटेवरच आहे. गोलबाजार ते स्टेशन हे दोन किलोमीटर अंतर झपझप चालीने वीस-बावीस मिनिटांत संपते. रिक्षाची वाट पाहण्यात जाणारा वेळ धरला तर फारतर दहा मिनिटे आधी उठावे लागेल. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागेल अशी चाल ठेवावी. आरंभी जयस्तंभ चौकापर्यंत, पंधरा दिवसांनी स्टेशनापर्यंत. आठवड्यातून पाच दिवस असे चालल्यास काही आठवड्यांत विश्रांतीची नाडी थोडी उतरते आणि पहिल्या मिनिटाचा उतार वाढू लागतो. पायरीची चाचणी महिन्यातून एकदा केली तर हा बदल कागदावर दिसेल. चालणे सोडले तर कमाई तितक्याच आठवड्यांत ओसरते, हेही सांगितले पाहिजे. ही ठेव बँकेत पडून वाढणारी नव्हे.

आणि तरीही एखाद्या दिवशी धावणे झालेच तर? डब्यात शिरल्यावर एकदम ताठ, निश्चल उभे राहू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले जाऊन पायांतील रक्त वर ढकलत असतात. ते एकाएकी थांबले की रक्त खाली साचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जागा असेल तर मिनिटभर सावकाश चालावे; गर्दीमुळे उभेच राहावे लागले तर टाचा वरखाली करीत राहाव्यात; आसन मिळाले तर बसावे. पाणी घोट घोट प्यावे. लगेच तंबाखू वा सिगारेट नको.

धडधड हळूहळू का होईना निवळत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण छातीवर दडपण वा वेदना जाणवली, ती जबड्यात, खांद्यात वा डाव्या हातात पसरली, थंडगार घाम सुटला, भोवळ आली, नाडी अनियमित, कधी लांबलेली तर कधी घाईची लागली, किंवा दहा-पंधरा मिनिटे बसूनही श्वास जुळला नाही, तर त्याला ‘धावल्यामुळे होते’ असे म्हणून गप्प बसू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीतील वेदना कधीकधी ठळक नसते. नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवू शकते. सहप्रवाशाला सांगावे, पुढच्या स्थानकावर उतरून मदत घ्यावी. रेल्वेचा 139 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

पालकांना शेवटी एक विनंती करतो. आपल्या घरी शाळेत जाणारे मूल असेल, तर येत्या रविवारी त्याच्या हाती घड्याळ द्या आणि आई, वडील, आजी, आजोबा यांची शांत बसलेली नाडी त्याला मोजून वहीत लिहू द्या. मग चढउतार करण्याजोगी प्रकृती असेल त्यांची पायरीनंतरची नाडी मोजू द्या. चार आकडे, त्यांच्या वजाबाक्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच आकडे. या वर्गात आम्ही जे गणित शिकलो त्याहून अवघड असे त्यात काही नाही. मात्र त्या वहीत वडिलांच्या नावापुढचा उतार तीनही वेळा दहा-बारा ठोक्यांच्या आतच येत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या एका आकड्यावरून निदान होत नाही. पण रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यायला तो पुरेसे निमित्त आहे, आणि ते निमित्त पुढच्या गाडीपर्यंत लांबवू नये.